पाऊच पारदर्शक, पण बघतंय कोण?

दहावीच्या गणित भाग २ चा, म्हणजे भूमितीचा पेपर होता. सव्वादहाच्या सुमारास मी पर्यवेक्षक म्हणून केंद्राच्या फाटकातून आत शिरत होतो. उजव्या बाजूला भिंतीला टेकून मुलांची दप्तरं पडली होती आणि त्यांच्या शेजारी पत्र्याच्या कंपासपेट्यांची एक रांग. पिवळ्या, निळ्या, एक-दोन पार गंजलेल्या. फाटकावरचा माणूस एकच वाक्य म्हणत होता, "डबा बाहेर, पाऊच आत." पारदर्शक पाऊच ज्याच्याकडे नाही, त्याने पेटीतलं सामान हातात घेऊन जायचं. एका मुलाने फरसाणाची रिकामी पिशवी उलटी करून झटकली आणि त्यात सगळं भरलं. पिशवी आतून तेलकट होती, पण पारदर्शक होती. त्याला आत सोडलं.

तो मुलगा नेमका माझ्याच ब्लॉकमध्ये निघाला. साडेअकराच्या सुमारास त्याने हात वर केला. पिशवीत कंपास होता, पण कंपासात अडकवायची बोटभर पेन्सिल नव्हती. ती पेटीतच राहिली होती, झाकणाच्या कोपऱ्यात, फाटकाबाहेर. त्याच्याकडे दुसरी पेन्सिल होती ती नवी, लांबलचक. कंपासात बसवली की कंपास कलंडायचा. नियमाप्रमाणे शेजाऱ्याकडून काही मागता येत नाही. शेवटी मी माझ्या पेन्सिलचा तुकडा ब्लेडने कापून दिला.

हे सांगतोय ते कोणाची कीव यावी म्हणून नाही. हा नियम कशासाठी आहे, तो कुठून आला आणि तो ज्या गोष्टीसाठी केला ती त्याने साधते का, हे विचारायचं आहे म्हणून. माझं मत आधीच सांगून टाकतो. शाईच्या रंगाचा नियम योग्य आहे, पण तो मुलांना कोणी समजावून सांगत नाही. पाऊचचा नियम मात्र दुसऱ्या जातीच्या परीक्षांकडून उसना आणलेला आहे आणि बोर्डाच्या परीक्षेला तो बसत नाही. आणि खरी तपासणी जिथे व्हायला हवी, तिथे आपण बघतच नाही.

आधी रंगाचं बोलू, कारण तिथे नियम करणाऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं. उत्तरपत्रिका निळ्या किंवा काळ्या शाईने लिहायची, हे सगळ्यांना पाठ आहे. का, हे विचारलं तर निम्मी मुलं "लाल अपशकुनी" असल्यासारखा चेहरा करतात. कारण साधं आहे. एका उत्तरपत्रिकेवर एकाहून अधिक माणसांचे हात फिरतात. मुलगा लिहितो, परीक्षक लाल शाईने तपासतो आणि त्याच्यावर नजर ठेवणारा नियामक हिरव्या शाईने आपली दुरुस्ती करतो. समासात ३ खोडून ४ केलेला असेल, तर तो कोणी केला हे शाईवरूनच कळतं. मुलाने उपशीर्षकं लाल पेनने लिहिली आणि हिरव्याने अधोरेखित केली, तर हा माग पुसला जातो. दुसरं म्हणजे ओळखीची खूण. उत्तरपत्रिकेवर बारकोड आणि होलोक्राफ्ट स्टिकर लावायचं ते परीक्षकाला पेपर कोणाचा हे कळू नये म्हणून. मग आत जांभळ्या जेल पेनने प्रत्येक उत्तराखाली नागमोडी रेघ ओढली, तर तीही एक खूणच झाली. मुलगा ती हौसेने करतो, पण कोणाशी ठरवून केलेली खूण आणि हौसेची रेघ यांत कागदावर फरक दिसत नाही.

तिसरं कारण निकालानंतर कळतं. गुण कमी वाटले की मूल उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवतं आणि ती घेऊन विषयशिक्षकाकडे येतं. फिकट आकाशी शाईने लिहिलेलं उत्तर छायाप्रतीत कसं दिसतं ते मी पाहिलं आहे: आडव्या रेघा ठसठशीत आणि अक्षरं भुतासारखी. म्हणून मी माझ्या वर्गाला सांगतो की निळा म्हणजे गडद निळा, आणि शक्यतो बॉलपेन. केंद्रीय मंडळाच्या सूचनेत निळा आणि 'रॉयल ब्लू' असा स्पष्ट उल्लेख असतो. आपल्याकडे 'निळी किंवा काळी' एवढ्यावर भागतं आणि उरलेलं दुकानदार ठरवतो.

स्पर्धा परीक्षेत रंगाचं कारण पुन्हा वेगळं आहे. तिथे काळं बॉलपेन लागतं, कारण उत्तर वाचणारा माणूस नसून यंत्र असतं. गोल पूर्ण काळा भरला की यंत्राला शंका उरत नाही. जेलची शाई ओली असताना तळहात लागला की शेजारच्या गोलापर्यंत पसरते. शिवाय जिथे उत्तरपत्रिकेला खाली दुसरी प्रत जोडलेली असते, तिथे बॉलपेनच्या दाबाशिवाय खालच्या प्रतीवर काही उमटत नाही. प्रत्येक नियमामागे अशी एक कामाची गोष्ट आहे. ती दोन ओळींत हॉल तिकिटाच्या मागे छापली, तर मुलं नियम पाळतील आणि परीक्षेच्या आदल्या रात्री "सर, काळं चालेल का निळंच हवं?" असे फोन येणार नाहीत.

आता पाऊच. परीक्षेच्या फाटकावरची ही कडक झडती आपल्याकडे रुळली ती वैद्यकीय प्रवेश परीक्षेमुळे. २०१५ साली एआयपीएमटीत इलेक्ट्रॉनिक उपकरणांवरून उत्तरं पोहोचवली गेल्याचं उघड झालं. सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये ती परीक्षाच रद्द केली आणि २५ जुलैला ती पुन्हा झाली. फेरपरीक्षेला पोशाखापासून बुटांपर्यंत सगळ्यावर बंधनं आली. नीटमध्ये ती पुढे चालू राहिली आणि तिथे तर पेनसुद्धा केंद्रावरच दिलं जातं. ही व्यवस्था कठोर आहे, पण तिला स्वतःचं एक तर्कशास्त्र आहे. त्या परीक्षेत मुलाला गोल काळे करण्यापलीकडे हाताने काही करायचं नसतं. त्यामुळे एक पेन पुरतं. आणि जो पेन आणू नको म्हणतो, तोच पेन देतो.

बोर्डाच्या परीक्षेत यातलं काहीच लागू होत नाही. भूमितीच्या प्रश्नपत्रिकेवर स्वतः मंडळच लिहितं की रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात, त्या पुसू नयेत. प्रमेयाच्या सिद्धतेला आकृती हवी. म्हणजे कंपास, पट्टी, टोकदार पेन्सिल, कोनमापक ही सामग्री गुण मिळवण्याचं साधन आहे. भूगोलाला नकाशाचं स्टेन्सिल लागतं. बारावीच्या भौतिकशास्त्राला आणि रसायनशास्त्राला गणकयंत्र चालत नाही, पण लॉग टेबल चालतं. म्हणजे एक अख्खी छापील पुस्तिका. इतक्या वस्तू घेऊन येणाऱ्या मुलाला पेटी बाहेर ठेवायला लावायची आणि बदल्यात द्यायचं काहीच नाही, हे अर्धवट अनुकरण झालं.

पेटीला काही अर्थ आहे का, असंही कोणी म्हणेल. आहे. दहावीतली एक नेहमीची रचना घ्या. ३ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, केंद्रापासून ५ सेंमीवर एक बिंदू घ्या आणि त्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढा. यासाठी कंपास तीनदा उघडावा लागतो. आधी ३ सेंमीला, वर्तुळासाठी. मग अडीचपेक्षा जास्त कितीही, ५ सेंमीच्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढायला. मग मध्यबिंदूवर टोक ठेवून नेमका अडीच सेंमीला. हा शेवटचा कंस मूळ वर्तुळाला जिथे छेदतो तिथून स्पर्शिका जाते आणि तिची लांबी ४ सेंमी भरली पाहिजे. आता पेटीत शांतपणे पडलेला कंपास आणि पिशवीत पेनांबरोबर खुळखुळत आलेला कंपास यांत फरक काय? दुसऱ्याचा स्क्रू सैल होतो. कंस काढता काढता अडीचचे पावणेतीन होतात, छेदनबिंदू सरकतो आणि रेघ वर्तुळाला टेकण्याऐवजी आत घुसते. परीक्षक पट्टी ठेवून मोजतो तेव्हा त्याला मुलाची चूक दिसते, स्क्रू दिसत नाही. पेन्सिलचं टोक मोडणं, कोनमापकाला तडा जाणं ही तर पाऊचमध्ये रोजची गोष्ट. पत्र्याची पेटी कोणी शोभेसाठी बनवली नव्हती.

अर्थात, पेटीत चिठ्ठी लपवता येते. झाकणात अडकवलेला पुठ्ठा असतो, त्यावर कधी वेळापत्रक छापलेलं असतं, कधी पाढे, कधी सूत्रं. तो काढून घ्यायलाच हवा. पण त्याला किती वेळ लागतो? पेटी उघडायची, पुठ्ठा काढायचा, पेटी बाकावर उघडीच ठेवायला सांगायची. झाकण उघडं असलं की पत्र्याची पेटीही पाऊचइतकीच पारदर्शक.

इथे पर्यवेक्षकाच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण ती खुर्ची मला ओळखीची आहे. एका ब्लॉकला २५ मुलं आणि एक पर्यवेक्षक. सकाळच्या पेपरला मुलं साडेदहाला आत येतात, अकराला प्रश्नपत्रिका द्यायची. मधल्या अर्ध्या तासात प्रत्येकाचं हॉल तिकीट चेहऱ्याशी ताडून बघायचं, उत्तरपत्रिका वाटायच्या, बैठक क्रमांक अंकी आणि अक्षरी नीट लिहिलाय ना हे पाहायचं, स्टिकर योग्य जागी लावून घ्यायचं, सह्या करायच्या. एखादा हमखास केंद्राचा क्रमांक चुकवतो, मग खाडाखोड आणि पुन्हा सही. यात वीस मिनिटं कुठे जातात कळत नाही. उरली दहा, म्हणजे सहाशे सेकंद. २५ मुलांत वाटले तर प्रत्येकी २४.

या २४ सेकंदांत काय बघायचं, हाच खरा प्रश्न आहे. आणि पारदर्शक पाऊच आल्यापासून त्याचं उत्तर बहुतेक जण "काही नाही" असं देतात. पाऊचमधून सगळं दिसतंच की, असं म्हणून नजर पुढे सरकते. पण पाऊचमधून वस्तू दिसते, वस्तूवरचं लिखाण दिसत नाही. खोडरबराच्या कागदी वेष्टणाच्या आतली बाजू दिसत नाही. अपारदर्शक पेनच्या नळीत रिफिलला गुंडाळलेला कागद दिसत नाही. सगळ्यात गमतीशीर प्रकार मी पारदर्शक पट्टीवरच पाहिला. डिव्हायडरच्या टोकाने बारीक अक्षरांत सूत्रं कोरली होती. हातात धरली तर स्वच्छ पट्टी, पांढऱ्या कागदावर ठेवून उजेडाला जरा तिरकी केली की ओळी चमकायला लागतात. लाकडी पट्टीवर पेन्सिलने लिहिलेलं तरी लांबून कळलं असतं. पारदर्शकतेनेच ते झाकलं होतं.

बारावीला सगळ्यात मोठी पळवाट म्हणजे लॉग टेबल. ते परवानगीनेच आत येतं, त्याला पानं असतात, ते पेपर सुरू असताना उघडायचंच असतं आणि मूल त्यात डोकं घालून बसलं तर कोणाला संशय येत नाही. मी ते हातात घेतो, पाठीकडून धरून पानं फर्रकन सोडतो. सुटा कागद असेल तर पडतो. मग मुखपृष्ठाची आणि मलपृष्ठाची आतली बाजू बघतो, कारण मोकळी जागा तिथेच असते. आकड्यांच्या तक्त्यात कोणी लिहीत नाही, लिहिलेलं त्यालाच सापडत नाही. एवढ्याला आठ-दहा सेकंद लागतात. उरलेल्या वेळात पट्टी एकदा कागदावर ठेवून बघणं, खोडरबराचं वेष्टण काढून घेणं आणि पॅडची मागची बाजू पालथी करणं होतं. पॅडबद्दल काही केंद्रांवर उगाच कटकट करतात. ज्या शाळेतल्या बाकांवर पिढ्यान्‌पिढ्या नावं कोरली आहेत, तिथे पॅडशिवाय पेन कागदातून आरपार जातं.

एक गोष्ट मात्र माझ्या माहितीत कोणीच तपासत नाही आणि ती मला चिठ्ठीपेक्षा जास्त काळजीची वाटते. खोडता येणारी पेनं आता तालुक्याच्या गावातही मिळतात. जपानच्या पायलट कंपनीने 'फ्रिक्शन' नावाने आणलेल्या पेनांमुळे हा प्रकार जगभर पसरला, आता त्याची स्वस्त भावंडं निघाली आहेत. मुलांना ती आवडतात, कारण खाडाखोड दिसत नाही. पण ती शाई खोडली जात नाही, ती उष्णतेने रंगहीन होते. मागच्या रबराने घासलं की घर्षणाने ऊब तयार होते आणि साधारण ६० अंश सेल्सिअसला अक्षर दिसेनासं होतं. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत काचेजवळ तेवढी उष्णता सहज होते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे फेब्रुवारी-मार्चमध्ये केंद्रावरून कस्टडीत आणि तिथून परीक्षकांकडे फिरतात. एखाद्या मुलाची पानं वाटेत कोरी झाली तर? उणे १० ते उणे २० अंशांपर्यंत गार केलं की ती शाई परत दिसू लागते हे खरं, पण परीक्षक उत्तरपत्रिका फ्रीजरमध्ये ठेवून तपासेल अशी अपेक्षा आपण करू शकत नाही. आणि उलट्या बाजूने विचार केला तर, जी शाई मागमूस न ठेवता पुसता येते ती उत्तरपत्रिकेवर असणं हे गैरप्रकाराला निमंत्रणच आहे.

ही शाई निळीही मिळते. पेन पारदर्शक पाऊचमध्ये छान दिसतं. रंगाच्या नियमात बसतं, पाऊचच्या नियमात बसतं, फाटकावर पास होतं. ओळखायचं कसं? पेनच्या मागे रबरी टोक असतं, बहुतेकदा नळीवर इंग्रजीत तसं लिहिलेलं असतं, आणि तरीही शंका असेल तर कच्च्या कागदावर एक रेघ ओढून घासून बघायची. पाच सेकंदांचं काम. पण ज्याला सूचनाच नाही तो पर्यवेक्षक हे का करेल?

यावर माझे एक सहकारी म्हणतात, "सर, तुम्ही प्रत्येक पर्यवेक्षकाच्या मर्जीवर सोडाल तर प्रत्येक केंद्रावर वेगळा न्याय होईल. पाऊच म्हटलं की पाऊच, वादच नाही." मुद्दा बिनतोड आहे असं क्षणभर वाटतं. भरारी पथक कधीही येतं, त्यांच्यासमोर बाकावर पेटी दिसली तर उत्तर मलाच द्यायचं असतं. गैरप्रकारांसाठी १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे जरा जास्तच कडक वागलेलं बरं असं केंद्रसंचालकांना वाटतं. मला ते समजतं. पण वेगळा न्याय आताच होतो आहे. एका केंद्रावर पेटी चालते, दुसऱ्यावर नाही. एका ठिकाणी काट्याचं साधं घड्याळही काढायला लावतात, शेजारच्या गावात ते चालतं. मुलाला हे फाटकावर कळतं, तेव्हा त्याच्या हातात करण्यासारखं काही नसतं. माझं म्हणणं तपासणी सैल करा असं नाही. काय तपासायचं याची यादी एकच असू द्या, ती मुलाच्या आणि पर्यवेक्षकाच्या हातात आधी पडू द्या, आणि तिच्यात विषयानुसार फरक असू द्या. मराठीच्या पेपरला कंपास लागत नाही, तो बाहेर राहिला तरी कोणाचं बिघडत नाही. भूमितीला मात्र पेटी उघडून आत घ्या. लॉग टेबल कोरं असल्याची पर्यवेक्षकाने त्याच्या पहिल्या पानावर सही करावी, म्हणजे भरारी पथकाला पुन्हा तेच करत बसावं लागणार नाही. खोडता येणाऱ्या शाईचं नाव घेऊन बंदी घाला.

केंद्रीय मंडळाने मधुमेही मुलांना साखरेच्या गोळ्या, फळं, पाण्याची बाटली पारदर्शक पिशवीतून आत नेण्याची मुभा दिली, तेव्हा यादी नावानिशी दिली होती. आपल्याकडेही काही दिव्यांग मुलांना गणकयंत्राची सवलत मिळते, ती ठरलेल्या कागदपत्रांनिशी. म्हणजे नेमकं लिहिणं आपल्याला जमतं. भूमितीच्या पेपराला बसलेल्या सर्वसाधारण मुलासाठीच ते कोणी करत नाही.

आणि शेजाऱ्याकडून वस्तू मागू नये हा नियम ठेवायचाच असेल, तर ब्लॉकमध्ये सुटं सामान ठेवायला हवं. नियमामागचं कारण बरोबर आहे, खोडरबर इकडून तिकडे जाताना त्याबरोबर उत्तरही जातं. पण मग पेन संपलेल्या मुलाने करायचं काय? २५ मुलांमागे चार निळी पेनं, दोन पेन्सिली, एक शार्पनर, दोन पट्ट्या आणि दोन कंपास पुरतात. किरकोळ दुकानातसुद्धा हा खर्च पाचशे रुपयांच्या आत बसतो आणि सामान पुढच्या पेपरालाही चालतं. मुलाने घेतलं की त्याचा बैठक क्रमांक कागदावर टिपायचा, जाताना परत घ्यायचं.

मी हे माझ्यापुरतं सुरू केलं आहे, स्वतःच्या खिशातून. कंपासाला लाल दोरा बांधतो, म्हणजे परत ओळखता येतो. गेल्या भूमितीच्या पेपराला दोन्ही कंपास बाहेर गेले. पहिला एक वाजून दहा मिनिटांनी उत्तरपत्रिकेबरोबर टेबलावर आला. दुसरा घेऊन मुलगा घाईत निघून गेला असणार असं मी धरलं होतं. दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या त्याच माणसाने मला थांबवून तो हातात दिला. एक पोरगा सकाळी येऊन ठेवून गेला म्हणाला, आणि मग विचारलं, "सर, हा आत चालतो का?"